पेरापाशी अडलेली ओळ

साखरपुड्यात अंगठी घालताना म्हणायच्या गमतीच्या ओळी मी गेली बावीस वर्षं लिहितेय, आणि अजून एकानेही विचारलं नाही की बाई, हे जमतं कसं. सगळ्यांना वाटतं, बस स्थानकावर माईकवर गाड्या पुकारते, तिला काय, तोंड उघडलं की पडतंय बाहेर. पडतंय! चार ओळींच्या एका कडव्याला माझे दोन रविवार जातात.

ओळीत आठ अक्षरं. चार ओळींचं कडवं. दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं यमक जुळलं पाहिजे. सावकाश म्हटलं तर एका कडव्याला बारा सेकंद लागतात आणि मापाची अंगठी नऊ सेकंदांत आत जाते. म्हणून तिसऱ्या ओळीपाशी थांबायचं, नजर कागदावर नाही तर बोटावर ठेवायची, आणि अंगठी बुडाशी टेकली की चौथी ओळ सोडायची. हशा आणि टाळ्या मग एकदमच येतात. घाई केली की हशा वाया गेलाच म्हणून समजा. पगार, वजन आणि रंग, या तिन्हींना हात लावायचा नाही. पहिली खोडी आपल्या माणसाची काढायची, मग समोरच्यांची. आणि अंगठी अडली तर म्हणायला दोन-तीन कडवी जास्तीची जवळ ठेवायची, कारण अंगठ्या अडतात. सकाळी सोनाराकडे माप दिलेलं असतं आणि संध्याकाळी उकाड्याने बोटं फुगलेली असतात.

अडलेल्या अंगठीसाठी माझं एक हुकमी कडवं होतं. इतकं हुकमी, की आमच्या नातेवाइकांना ते पाठ झालं होतं. पहिली ओळ मी म्हटली की दुसरी अख्खा हॉल म्हणायचा.

पेरापाशी अडे गाडी,
नवरोबा, नका रुसू;
बोट आहे हट्टी किती,
माणसाचे नका पुसू!

दोन वर्षांपूर्वी हेच कडवं मी माझ्या भाचीच्या साखरपुड्यात म्हटलं. ताईची ही एकुलती एक. घरात सगळ्यांत उंच, म्हणून तिला सगळे बुटकी म्हणतात. चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासते. तिची अंगठी खरंच अडली होती, लोक पोट धरून हसले आणि मी कॉलर ताठ करून खाली बसले.

तीन महिन्यांनी मुलाकडच्या मंडळींनी सांगितलं की लग्नानंतर दुकान सोडावं लागेल. बुटकी म्हणाली, नाही सोडणार. ते ताईच्या घरी आले, बोलणी झाली, आवाज चढले. उठताना मुलाचा काका ताईला म्हणाला, “मुलगी हट्टी आहे हे तुमच्या बहिणीने माईकवरून सांगितलं होतं. आम्हीच हसण्यावारी नेलं.”

मी तिथेच बसले होते. दिवसाला दीडशे गाड्या पुकारणारी बाई, पण जीभ टाळ्याला चिकटली. लग्न मोडलं. बुटकीने मला कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, आणि तेच मला जास्त खात राहिलं.

या वर्षी तिने स्वतःच लग्न ठरवलं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. माझ्या घरी येऊन म्हणाली, “मावशी, ओळी तूच म्हणायच्या. फक्त मागच्या वेळची एकही नको.”

“एकही नाही. शब्द देते,” मी म्हटलं.

शब्द दिला खरा, पण तिची उंची, तिचा चष्मा, तिने करपवलेली भांडी हे सगळं मी मागच्या वेळीच वापरून बसले होते. नवीन काहीतरी शोधायला हवं होतं. म्हणून एका दुपारी मी थेट त्या लिफ्टवाल्याला गाठलं. एका सात मजली इमारतीच्या तळाशी, लिफ्टच्या खड्ड्यात कमरेइतका उभा होता. मी वरून विचारलं, “तुमच्याबद्दल काहीतरी गमतीचं सांगा.”

त्याने बराच विचार केला. “मावशी, माझ्यात गमतीचं काही नाही हो.”

“मग ओळख कशी झाली तेवढं सांगा.”

“चष्म्याचा स्क्रू सैल झाला होता. आवळून घ्यायला गेलो.”

“एकदा?”

“चारदा,” तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. त्याच्या पायाशी हत्यारांची थैली होती. तिच्यात लहानमोठे अकरा स्क्रू ड्रायव्हर. मी मोजले. आनंदाने उडीच मारायची बाकी होती, पण समोर खड्डा होता.

जाता जाता मी त्याच्या हातांकडे पाहिलं. ही माझी सवय. उजव्या हाताचं अंगठीचं बोट मधल्या पेरावर सुपारीएवढं फुगलेलं. कधीतरी दारात चेमटलं होतं म्हणे. मी ताईला फोन करून सांगितलं, अंगठीचं माप पेरावरून घ्या, बुडावरून घेऊ नका. ताई म्हणाली, “सोनाराला कळतं सगळं. तू तुझी यमकं बघ.” बरं बाई, म्हटलं.

चार कडवी लिहिली. प्रत्येक वेगळ्या जाड कार्डावर, कोपऱ्यात आकडा. त्यांतली दोन अडलेल्या अंगठीसाठी, कोरी करकरीत नवीन, त्यांच्यावर लाल फुली. हातात कागद फडफडले तर माईकमध्ये ऐकू जातं, म्हणून कार्डं.

साखरपुड्याच्या संध्याकाळी हॉलमध्ये दीडेकशे माणसं होती. पंखे गरगर फिरत होते, वारा मात्र कुणालाच लागत नव्हता. आधी त्याने तिच्या बोटात अंगठी घालायची होती. मी आमच्या पोरीपासून सुरुवात केली.

घड्याळे ही घरातली
दहा मिनिटे पुढती;
तरी वीस मिनिटांनी...

अंगठी बुडाशी टेकली.

...बाई पायऱ्या चढती!

हशा बरोबर जागेवर आला. बुटकी त्या दिवशीही वीस मिनिटं उशिरा आली होती, त्यामुळे वेगळं काही समजवावं लागलं नाही. मग तिची पाळी. तिने अंगठी उचलली आणि मी दुसरं कार्ड घेतलं.

थैलीभर हत्यारांनी
अख्खी लिफ्ट हा खोलतो;
“चष्म्याचा स्क्रू सैल झाला”...

इथे मी थांबले, आणि अंगठीही थांबली. नेमकी त्या पेरावर. ताईकडे मी कसा कटाक्ष टाकला असेल याची कल्पना करा. तिसऱ्या ओळीवर माणूस किती वेळ लटकणार? चौथी सोडून दिली.

...चार वेळा का बोलतो?

हसले लोक. मुलाची आई तर पदर तोंडाला लावून हसली. पण अंगठी तिथेच. लाल फुलीचं पहिलं कार्ड म्हटलं. दुसरं म्हटलं. बुटकी अंगठी फिरवतेय, तो हात वर धरून उभा, फोटोवाला गुडघ्यावर बसलेला, कुणीतरी साबण आणायला पळालेलं. कार्डं संपली. हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. आणि माईकवर गप्प बसायची मला सवय नाही. गाडी लागली नाही तरी काहीतरी बोलत राहायचं, हेच शिकलेय मी नोकरीत. विचार करायच्या आत तोंडातून बाहेर पडलं:

पेरापाशी अडे गाडी,

आणि आमच्या नातेवाइकांनी, देव त्यांचं भलं करो, एका सुरात जबाब दिला:

नवरोबा, नका रुसू!

झालं. पुढची ओळ आमच्या सगळ्यांना ठाऊक होती. मग एकेकाला आठवत गेलं की ती शेवटची कुठे म्हटली होती. पहिल्या रांगेतला हसरा चेहरा एकदम खाली गेला, मग मागचा. ताईने डोळे मिटून घेतले. मुलाकडची माणसं काय झालं म्हणून एकमेकांकडे बघायला लागली. बुटकीने अंगठी फिरवायची थांबवली, पण मान वर केली नाही.

त्या दिवशी ताईच्या घरी गप्प बसले होते. आज पुन्हा गप्प बसले असते तर स्वतःला तोंड दाखवायची सोय राहिली नसती. मी कार्डं खाली ठेवली.

“ऐका,” मी माईकमध्ये म्हटलं. “पुढच्या ओळीत मुलीला हट्टी म्हटलंय. ती ओळ मी दोन वर्षांपूर्वी हिच्याच साखरपुड्यात म्हटली होती. यमक जुळावं आणि लोक हसावेत म्हणून. नंतर ती हिच्या तोंडावर फेकली गेली, तेव्हा मी समोर बसून गप्प राहिले. हिचं काम हिने सोडलं नाही, ते बरोबर केलं. चूक माझी होती. आज मी शब्द दिला होता, तोही मोडला. ती ओळ खोटी आहे. ती मी परत घेते.”

मी माईक तोंडापासून दूर केला.

बुटकीने मान वर केली. “खोटी कुठे आहे, मावशी? खरीच आहे. आहे मी हट्टी.” मग लिफ्टवाल्याकडे बघून म्हणाली, “यांना पहिल्या दिवशीच सांगितलंय.”

“सांगितलंय,” तो म्हणाला. “दुसऱ्या दिवशीही सांगितलं होतं.”

आधी त्याची आई हसली, मग सगळेच.

साबण आला. बुटकीने त्याच्या पेराला तो नीट चोळला, अंगठी सरळ ढकलायच्या ऐवजी स्क्रूसारखी पिळत आत नेली, आणि ओठ दातांत धरून एक शेवटचा दाब दिला. त्याने डोळे गच्च मिटले. अंगठी पेर ओलांडून बुडाशी जाऊन बसली. टाळ्या पडल्या. माझ्याकडे म्हणायला एक अक्षर नव्हतं, आणि कुणाला त्याची गरजही वाटली नाही.

फोटोवाला उठून उभा राहिला. बिचारा आमचं बोलणं ऐकत बसला होता. “मॅडम, माफ करा, बटण दाबायचं राहिलं. जरा काढून परत घालता का? एकदाच.”

बुटकीने लिफ्टवाल्याचा हात दोन्ही हातांनी धरला.

“नाही,” ती म्हणाली. “बसली ती बसली.”

फोटोवाल्याने विनवलं, ताईने विनवलं, कुणा काकांनी “अगं, आठवण राहते” म्हणून पाहिलं. ती हललीसुद्धा नाही. शेवटी मुलाची आई उठली, फोटोवाल्याला हाताने बाजूला केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “नाही म्हणतेय ना ती? मग नाही.”

मी माईक बंद केला आणि रडले.