सुकलेल्या लादीची दुरुस्ती

मार्नी ड्रागोविच जिलाँग शहरातल्या घरांच्या बाथरूममध्ये लाद्या बसवते आणि त्याचे व्हिडिओ टाकते. एक लाख चाळीस हजार माणसं रोज तिचं काम का बघतात, हे मला आजवर कळलेलं नाही. पण त्यांच्या जिवावर माझा वीस टक्के हिस्सा सुटतो, त्यामुळे मी खोलात जात नाही. तिचे करार मी बघते.

या वेळचा करार लाद्या चिकटवायचं अ‍ॅडहेसिव्ह बनवणाऱ्या एका कंपनीचा होता. एक मोठा व्हिडिओ, तीन छोटे, अठरा हजार डॉलर. मार्नीने पहिलं पान वाचलं आणि पेन मागितलं.

"थांब," मी म्हणाले. "उरलेल्या पानांत त्यांनी ते अठरा हजार परत घेतलेत."

"अगं, शुक्रवारपर्यंतच ती व्हॅन धरून ठेवणार आहे तो माणूस!"

व्हॅन म्हणजे तिची सुटका. ती मिळाली की तिचा मालक जीनो याच्याकडची नोकरी सोडून स्वतःची कामं घ्यायची, हे तिने दोन वर्षांपासून ठरवलेलं. पण करारात पैसे व्हिडिओ प्रसिद्ध झाल्यावर साठ दिवसांनी. वर्षभर कुठल्याही दुसऱ्या कंपनीचं बांधकाम साहित्य व्हिडिओत दिसायचं नाही. तिचे व्हिडिओ जाहिरातीत कायमचे वापरायचा हक्क कंपनीला. आणि बदल किती वेळा? कंपनीचं समाधान होईपर्यंत.

कंपनीतर्फे करार बघणाऱ्या फर्गसला मी बेलमाँटला, मार्नीचं काम चालू होतं त्या साइटवरच बोलावलं. पांढरेशुभ्र बूट घालून आला बिचारा.

मार्नीने त्याच्याच कंपनीच्या झटपट सुकणाऱ्या अ‍ॅडहेसिव्हने नमुन्याच्या फळीवर सहा लाद्या बसवल्या. मग आम्ही बोलायला बसलो.

"बदलांचं कलम तसंच राहू दे," फर्गस म्हणाला. "आमच्यात सगळेच असं लिहितात. थोडं कापाकापीचं काम, बाकी काय?"

मी वाद घातला नाही. सॉसेज रोल पुढे केले, त्याच्या पोरांची चौकशी केली. पाऊण तास गेला.

"फर्गस," मार्नी म्हणाली, "ती तिसरी लादी दोन मिलिमीटर डावीकडे सरकव ना. माझं समाधान होत नाहीये."

त्याने बोटांनी ढकललं. अंगठ्याने ढकललं. शेवटी मार्नीने छिन्नी-हातोडा दिला. लादीचे चार तुकडे झाले आणि शेजारची फुटली ती वेगळीच.

"माल उत्तम आहे तुमचा," मी म्हणाले. "आता सांग, 'जरा निळ्या लाद्यांत करून बघू' असं तुझ्या साहेबांनी चित्रीकरणानंतर म्हटलं, तर भिंत कोण फोडणार?"

फर्गस हसला, तिथेच माझं निम्मं काम झालं. मग ठरलं ते असं: चित्रीकरणाआधी कागदावरच्या संहितेत दोन वेळा बदल, नंतर संकलनात एकदा. भिंत पुन्हा करायची तर वेगळे पैसे. जाहिरातीचा हक्क सहा महिने. पुढे हवा असेल तर नवा दर.

"पण दुसऱ्या कंपनीचं काही दिसायचं नाही, यावर मी हटणार नाही," तो म्हणाला.

"हटूच नकोस. पण ही जीनोकडे नोकरीला आहे, आणि जीनोच्या गाडीत तुमच्या स्पर्धकाच्या मालाच्या पिशव्या आहेत. कॅमेरा कुठेही फिरवला तरी त्या दिसणार. मग करार मोडणार कोण? ही."

"मग?"

"मग हिची स्वतःची गाडी हवी. त्यात फक्त तुमच्या पिशव्या. अर्धे पैसे सहीनंतर सात दिवसांत दे. तुझं कलम पाळायची सोय तूच करतोयस."

"गाडी आम्ही घेऊन द्यायची?" फर्गस म्हणाला. "बाई, तुम्ही विमा विकायचात का?"

"अकरा वर्षं."

तो बाहेर जाऊन फोनवर बराच वेळ बोलला. परत आला तो आकडे घेऊन. अर्धे सहीनंतर सात दिवसांत, अर्धे प्रसिद्धीनंतर तीस दिवसांत. बंदी फक्त अ‍ॅडहेसिव्हपुरती, व्हिडिओ आल्यापासून तीन महिने. बदल्यात चौथा छोटा व्हिडिओ फुकट. मी कपाळाला आठ्या घालून तो दिला. मार्नी तो जेवणाच्या सुट्टीत उरकते, हे त्याला सांगायची गरज नव्हती.

सुधारलेला करार दुपारी आला. मी दोनदा वाचला, तिने सही केली, आणि लगेच मी पहिल्या हप्त्याचं बिल पाठवलं. मार्नीने आधी व्हॅनवाल्याला फोन लावला. शुक्रवारी पाचशे डॉलर बयाणा, बाकी पुढच्या गुरुवारी. तो कुरकुरला, पण कबूल झाला.

मग तिने जीनोला लावला आणि फोन कानापासून हातभर लांब धरला.

"रागावून नाही रे सोडत," ती म्हणत होती. "दोन आठवड्यांची नोटीस देतेय ना! नाही, बेलमाँट अर्धं टाकून कशी जाईन? ... हो. ... जीनो, रडतोयस का?"

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी फुटक्या लाद्या गोळा करायला लागले.