उंबरा

त्सुजिमुरांच्या संडासाची नळी तिसऱ्यांदा तुंबली तेव्हा वैतागून मी फरशीच उघडली. नळीवर सपाटी तपासायची लेव्हल ठेवली. बुडबुडा अगदी मध्यावर.

"बघा, किती सरळ बसवलीय!" त्सुजिमुरा म्हणाले.

"तेच तर नडतंय! मीटरला सेंटीमीटरभर तरी उतार हवा. नाहीतर पाणी रेंगाळत निघून जातं, मैला आणि कागद मागे बसून राहतात. त्यावर आणखी थर. मग मला फोन."

"पण इतकी वर्षं कधी तुंबली नव्हती."

वाकून वाकून माझी कंबर गेली होती. "मग घरात काय बदललं ते सांगा."

"काहीच नाही. वसंतात आई गेली, तेवढंच. ती रोज रात्री टबात बसायची. मी आपला शॉवर घेतो."

मी न्हाणीत डोकावलो. टबाचं पाणी संडासाच्या आधीच या नळीत येत होतं. म्हातारी बूच काढायची तेव्हा टबभर पाणी एकदम लोटायचं आणि दिवसभराचं साचलेलं पुढे ढकलून न्यायचं.

"तुमच्या आईच नळी साफ ठेवत होत्या," मी म्हणालो. "आता उतार द्यायचा तर संडास-न्हाणीची फरशी चार बोटं वर घ्यावी लागेल. दारात उंबरा येईल."

त्सुजिमुरा भिंतीवरच्या आधाराच्या दांडीकडे बघत राहिले.

"उंबरा नको म्हणून मीच नळी अशी टाकायला लावली होती. तिचा पाय अडखळायचा."

मी हत्यारं पुसत थांबलो.

"करा उंबरा," ते म्हणाले.