कोसानाबाईंनी वाढवलेले गुण

कोसानाने पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं, आणि त्या काळात तिच्या वर्गात कॉपी करून कुणी सुटलं नव्हतं. बाहीत लपवलेली चिठ्ठी, तळहातावरचं सूत्र, पुढच्या मुलीच्या वेणीत खोचलेला कागद, सगळं तिने धरलं होतं. गावातली अर्धी माणसं अजून तिला रस्त्यात बघितलं की हात पाठीमागे नेतात. अशा बाईने नवऱ्याच्या रक्ततपासणीत कॉपी करावी, हे कुणाला सांगून पटलं नसतं. पण तिने ती केली, आणि तीही लेकीच्या लग्नाला तीन दिवस उरले असताना.

झालं असं, की महिन्याभरापूर्वी तिच्या नवऱ्याच्या, राडिसावच्या रक्तातल्या लिथियम या औषधाचा आकडा शून्य पूर्णांक पाच आला. शेजारी छापलं होतं, असावा सहा ते आठ दशांश. आकड्यापुढे खाली तोंड केलेला एक बाण होता. म्हातारे डॉक्टर त्या आठवड्यात निवृत्त होत होते, त्यांचं अर्धं लक्ष सामान बांधण्यात होतं. ते म्हणाले, "थोडं कमी दिसतंय. महिन्याने परत बघू, नव्या डॉक्टरीणबाई बघतील." कोसाना तो बाण घेऊन घरी आली आणि तिची झोप उडाली. एका दशांशाने नापास! तिच्या देखरेखीखालचा माणूस!

हसण्यासारखी गोष्ट आहे, पण तिचं भय खरं होतं. सात वर्षांपूर्वीच्या वसंतात राडिसाव, जो जन्मभर मुकाट्याने बस चालवत आला होता, एका सकाळी झ्रेन्यानिन शहराची गाडी घेऊन निघाला तो थेट समुद्रावर पोचला. गाडीत अकरा प्रवासी होते. "या लोकांनी समुद्र पाहिलेला नाही, हा अन्याय आहे," असं तो पोलिसांना अत्यंत आनंदाने समजावत होता. त्यातल्या दोन बायका अजून ईस्टरला त्याला कार्ड पाठवतात. पण पाठोपाठ आलेल्या हिवाळ्यात तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, आणि त्या हिवाळ्याबद्दल कुणी कार्ड पाठवत नाही. दोन औषधं देऊन झाली, उपयोग शून्य. लिथियमने मात्र तिला तिचा माणूस परत दिला. सकाळी एक गोळी, रात्री नऊला दोन. हे सहा वर्षं चुकलं नव्हतं.

म्हणून या बुधवारी सकाळी तिने चहाबरोबर राडिसावपुढे एक नाही, दोन गोळ्या ठेवल्या.

"अगं, रक्त द्यायचंय ना? सकाळची गोळी रक्त दिल्यावर असते," तो म्हणाला.

"नियम बदललाय."

"आणि दोन?"

"तोही बदललाय. गीळ."

चाळीस वर्षांचा संसार झालेला माणूस नियम कुणी बदलला हे विचारत नाही. त्याने गिळल्या. दोन तासांनी त्याने जिल्हा रुग्णालयात दंड पुढे केला, आणि कोसाना बाकावर बसून समाधानाने पर्स कुरवाळत राहिली. पाहुणे यायच्या आधी घर झाडावं, तसं तिने केलं होतं. त्यात वाईट काय?

दुपारी दोघांना आत बोलावलं. नव्या डॉक्टर तेओदोरा लुकाच या दिसायला एखाद्या दहावीतल्या मुलीसारख्या, पण नजर तीक्ष्ण. कोसानाने आल्या आल्या टेबलावर कॉफीचा पुडा आणि घरच्या जर्दाळूच्या दारूची बाटली ठेवली. डॉक्टरांनी दोन्ही वस्तू हळूच तिच्याकडे सरकवल्या. कोसानाने परत पुढे सरकवल्या. बाटली टेबलाच्या मधोमध राहिली.

"एक पूर्णांक चार," डॉक्टर म्हणाल्या.

कोसानाचा चेहरा फुलला. "बघ! म्हटलं नव्हतं?"

"काकू, हे चांगलं नाही. हे जवळजवळ दुप्पट आहे. यापुढे थोडं गेलं की विषबाधा." त्या राडिसावकडे वळल्या. "हात पुढे करा, बोटं पसरा."

राडिसावची बोटं थरथरली. त्याची बोटं डॉक्टर दिसला की थरथरतात, पण ते सांगणार कोण.

"आता त्या रेषेवरून चालून दाखवा."

तो लग्नासाठी घेतलेले नवे बूट सैल व्हावेत म्हणून घालून आला होता. टाच कापली गेली होती. तीन पावलं गेला आणि वजनकाट्याला धरून उभा राहिला. डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं.

"उलट्या, जुलाब? बोलताना जीभ जड होते?"

"ती घरात बोलू देईल तेव्हा कळेल," राडिसाव म्हणाला.

डॉक्टर हसल्या नाहीत. "शेवटची गोळी कधी घेतली होती?"

हाच तो प्रश्न. राडिसावने तोंड उघडलं. "सकाळी चहा—"

"रात्री नऊला!" कोसाना म्हणाली. "सकाळची रक्तानंतर. नेहमीप्रमाणे."

राडिसावने तिच्याकडे बघितलं. तो गाडी चालवायचा तेव्हा आरशात एक नजर टाकून मागे कोण विनातिकीट बसलंय ते ओळखायचा. आत्ता तसंच झालं. नियम बदलला नव्हता. बदलला असता तर ती आत्ता इतक्या जोरात बोलली नसती. त्याने तोंड मिटलं.

"ती म्हणते तसंच," तो म्हणाला.

"मग काळजीची गोष्ट आहे," डॉक्टर म्हणाल्या. "बारा तास उलटल्यावरही रक्तात एवढं उरलंय, म्हणजे किडनी औषध बाहेर टाकत नाहीये. किडनीचा अहवाल बरा दिसतोय, तरी मी धोका पत्करणार नाही. लिथियम आजपासून बंद. आज भरती व्हा, सलाइन लावू, रोज रक्त तपासू. चार-पाच दिवस तरी लागतील. पुढे बहुधा दुसरं औषध शोधावं लागेल."

कोसानाच्या कानात फक्त 'बंद' हा शब्द घुमत राहिला.

"शनिवारी लेकीचं लग्न आहे," ती कशीबशी म्हणाली. "तिला भाऊ नाही. नवऱ्याकडची माणसं दारात आली की नवरीच्या मोलाची लटकी घासाघीस भाऊ करतो, तो नसला तर बापच लागतो."

"घासाघीस तूच कर," राडिसाव म्हणाला. "माझ्यापेक्षा तुला जमते. ते घाबरून मोटारही देऊन जातील." मग डॉक्टरांना म्हणाला, "पायजमा आणायला घरी जाऊ द्याल, की इथला मिळतो?"

तो उठून टोपी शोधू लागला. एका शब्दाने तो सुटला असता, आणि तो शब्द तो उच्चारणार नाही, हे कोसानाला कळून चुकलं. तो तिची लाज झाकायला निघाला होता. लेकीचं लग्न सोडून, लिथियम सोडून, पुन्हा त्या भिंतीकडे तोंड करायला. तिला स्वतःची इतकी चीड आली की तिने पर्स टेबलावर आपटली. बाटली हलली.

"बस खाली!" ती ओरडली. राडिसाव बसला. दारातून जाणारा एक अनोळखी पेशंटही थबकला. "डॉक्टरीणबाई, मी कॉपी केली."

"काय केलंत?"

"सकाळी सातला मीच याला गोळी दिली. एक नाही, दोन. मागच्या वेळी नापास झाला होता, म्हणून. याला काही माहीत नव्हतं. मी नियम बदललाय म्हणून सांगितलं. मला वाटलं, औषध भरपूर दिसलं म्हणजे तुम्ही म्हणाल, छान चाललंय, आणि आम्हाला घरी जाऊ द्याल."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. क्षणभर त्या रागावणार असं वाटलं. मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

"काकू, मी यांच्या किडन्या निकामी ठरवल्या होत्या हो!"

"शून्य गुण द्या मला. मी हेच दिले असते."

"नीट ऐका. गोळी गिळली की पहिले एक-दोन तास औषध रक्तात नुसतं उसळतं. मग हळूहळू अंगभर पसरतं, थोडं लघवीतून जातं. बारा तासांनी रक्तातला आकडा स्थिरावलेला असतो. सहा ते आठ दशांश हा आकडा त्या बाराव्या तासासाठी ठरवलेला आहे. दुसऱ्या कुठल्या वेळेला तो लागूच पडत नाही."

कोसाना विचारात पडली. मग म्हणाली, "म्हणजे मधल्या सुट्टीची घंटा झाल्याबरोबर जिन्यातली पोरं मोजायची, आणि म्हणायचं या शाळेत जिन्यातच वर्ग भरतात."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाल्या, आणि मागचा कागद पुढे ओढून भुवया उंचावल्या. "मागच्या वेळचं रक्त किती वाजता दिलं होतं?"

राडिसावनेच उत्तर दिलं. "दुपारी तीनला. बस बंद पडली. मी ड्रायव्हरला सांगत होतो क्लचची तार बघ, पण ऐकेल तर ना."

"आणि सकाळची गोळी?"

"रक्त दिल्याशिवाय घेऊ देते का ही?"

"रात्री नऊ ते दुपारी तीन, अठरा तास," डॉक्टर म्हणाल्या. "तोवर आकडा उतरणारच. यांना काहीही कमी पडलं नव्हतं, काकू."

महिनाभर ती ज्या बाणासाठी रात्र रात्र जागली होती, तो मुळात बंद पडलेल्या बसचा होता. तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. राडिसावने तिला आपला रुमाल दिला.

डॉक्टरांनी त्याचे बूट काढायला लावून पुन्हा चालवलं. या वेळी तो मोज्यांवर रेषेवरून सरळ गेला आणि सरळ आला. आज भरपूर पाणी प्यायचं, उलटी किंवा तोल गेल्यासारखं वाटलं तर लगेच परत यायचं, रात्री नऊला नेहमीच्या दोन, आणि उद्या बरोबर नऊला रक्त, त्याआधी गोळी नाही, असं ठरलं.

"मी घाबरले होते रे," बसस्टॉपवर ती म्हणाली. "मला ते दिवस परत नकोत."

"मलाही नकोत," राडिसाव म्हणाला. "पण ते कुठे येऊ घातले असतील, तर डॉक्टरांना आधी दिसू दे ना. तू रंगरंगोटी करून ठेवलीस तर त्यांना काय दिसणार, आणि मला काय?"

तिने मान डोलावून ते कबूल केलं. हे त्यांच्या संसारात फारच क्वचित घडत होतं.

गुरुवारी नऊच्या ठोक्याला त्याने दंड पुढे केला. कोसानाने गोळ्यांची डबी आदल्या रात्रीच त्याच्या हाती सोपवली होती आणि स्वतः हात मांडीवर ठेवून बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. दुपारी डॉक्टरांनी कागद दिला. बाण कुठल्याच दिशेला नव्हता. शून्य पूर्णांक सात.

"काय मास्तरीणबाई," राडिसाव म्हणाला, "पास का?"

तिने कागद दोनदा वाचला, मग घडी घालून त्याच्या कोटाच्या खिशात ठेवला.

"पास," ती म्हणाली. "आणि हे गुण तुझे तू मिळवलेस."