रीताचं उत्तर

साकोलीच्या एका ट्रॅक्टर शोरूममध्ये भरतीचं काम भावना पाहायची. मंगळवारी रीता नावाची मुलगी सर्व्हिस काउंटरच्या मुलाखतीला आली नाही आणि तिनं कळवलंही नाही.

"काट तिचं नाव," मॅनेजर म्हणाले.

भावनानं तरी दुसऱ्या दिवशी मेसेज पाठवला, "रीताजी, काल अकराला तुमची मुलाखत होती. आम्ही वाट पाहिली. या कामात तुम्हाला अजून रस आहे का? शुक्रवारपर्यंत कळवा."

तासाभरात उत्तर आलं, "काम पायजे. कळवलं नाही, ते चुकलं. पण मुलाखतीआधी तुमच्या साहेबानं फोनवर मले तीनदा विचारलं, लग्न कधी करशील? कामाचं एक नाही विचारलं. पुन्हा तेच विचारणार असाल तर मी येत नाही."

भावनानं मोबाइल मॅनेजरसमोर धरला. त्यांचा चेहरा उतरला, मग ते चिडले. "एवढा माज? काट म्हटलं ना!"

"नाही काटत. मुलाखत मीच घेईन. तुम्हाला बसायचं असेल तर बसा, पण कामाचंच विचारा."

शुक्रवारी रीता वेळेवर आली. मॅनेजर केबिनमधून बाहेर आलेच नाहीत. भावनानं तिला चिडलेल्या गिऱ्हाइकाशी कसं बोलशील ते विचारलं. रीता ताठ बसून सविस्तर बोलली. सोमवारी ती कामावर रुजू झाली.