गेजपाशी न जाता भरलेलं रीडिंग

निरुपमाबाईंनी बत्तीस वर्षं कॉलेजात नीतिशास्त्र शिकवलं. तेवढ्या काळात त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती: माणूस आधी ठरवतो आणि मग तत्त्वज्ञान शोधायला निघतो. म्हणून रविवारी सकाळी विश्रामरावांनी सेव-उसळीच्या ताटल्या बाजूला सारून टेबलावर भला मोठा कागद पसरला, तेव्हा त्यांनी आधी कागद पाहिलाच नाही. नवऱ्याचा चेहरा पाहिला. निकाल तिथेच लागलेला होता.

"नीरजा मांजलपूरला गेलीय, मैत्रिणीकडे. दोन तास आहेत," विश्रामराव म्हणाले. "बस."

प्रश्न सगळ्या घराला ठाऊक होता. त्यांची एकुलती एक मुलगी नीरजा, वय तेहेतीस. बडोद्यातच, अलकापुरीतल्या एका कचेरीत पाणी शुद्ध करणारी यंत्रं आखायची. डेन्मार्कहून तिला बोलावणं आलं होतं. पंधरा सप्टेंबरला रुजू व्हायचं आणि होय-नाही या शुक्रवारपर्यंत कळवायचं. विश्रामराव एकाहत्तरचे, निरुपमाबाई अडुसष्टच्या आणि गोत्रीतला हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, ज्याची लिफ्ट महिन्यातून चार दिवस विश्रांती घ्यायची.

विश्रामरावांनी छत्तीस वर्षं रिफायनरीत शिफ्ट सांभाळली होती. त्यामुळे त्यांचा कागदही तिथल्या लॉगशीटसारखाच होता. डावीकडे नावं, वर रकाने: सुख किती तीव्र, किती काळ टिकेल, मिळण्याची खात्री किती, त्यातून पुढे आणखी सुख निघेल का.

"तुझ्याच जुन्या नोट्समधून घेतलं," ते म्हणाले. "उपयुक्ततावाद. सगळ्यांच्या सुखाची बेरीज जिथे जास्त, ते योग्य. माणूस कोणीही असो, एक म्हणजे एकच मोजायचा."

"हे 'इतर, चाळीस हजार' कोण?"

"तिच्या यंत्राचं पाणी पिणारे."

"अहो, ती नाही गेली तर ती खुर्ची रिकामी राहील? दुसरं कोणी बसेल आणि तेही पाणी शुद्धच करील. त्या माणसापेक्षा नीरजा जेवढी सरस, तेवढाच फरक धरायचा. चाळीस हजार अख्खे कसे धरता?"

विश्रामरावांनी चाळीस हजार खोडून दोन हजार केले, तेही कुरकुरत. तरी बेरीज 'जावं' कडेच झुकली.

"आणि एक म्हणजे एकच, तर आपण दोघंच का या कागदावर?" निरुपमाबाईंना आता रंग चढला होता. "पहिल्या मजल्यावरच्या कमलाबेनला कोणी नाही. तुमच्या हिशेबानं नीरजानं आधी त्यांना सांभाळायला हवं. त्यांची गरज मोठी."

"त्याचं उत्तर आहे. ज्यानं त्यानं आपापले आईबाप सांभाळले, तर बेरीज सगळ्यात जास्त होते. आपला रक्तदाब तिला ठाऊक, कमलाबेनचा नाही."

"म्हणजे मी तिची आई आहे म्हणून नाही. मला सांभाळणं सोयीचं पडतं म्हणून."

विश्रामराव हसले. "बरं, तुझा तो कर्तव्यवाद काय म्हणतो? तुझा जर्मन मास्तर?"

"तो बेरीज करत नाही. आपण ज्या नियमानं वागतो, तो सगळ्यांसाठी कायदा व्हावा असं आपल्याला मनापासून म्हणता येईल का, एवढंच विचारतो. 'फायदा दिसला की म्हाताऱ्यांना वाऱ्यावर सोडेन', हा कायदा कोणालाच नको असेल, कारण प्रत्येकाला एक दिवस मदत लागणार. पण 'नीट व्यवस्था लावून जाईन', हा चालतो. मदत करायचीच, पण कुठे, किती, कशी, हे ठरवायला मोकळीक आहे. आणि आपल्या अंगचे गुण वाढवणं हेही कर्तव्यच. म्हणजे जाणंही कर्तव्यात बसतं आणि राहणंही."

"मग तुझ्या मास्तरचा उपयोग काय?"

"एका जागी मोकळीक नाही. खोटं बोलायचं नाही. माणसाला नुसतं साधन करायचं नाही."

यावर विश्रामरावांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे एक ओळ होती: 'निरूचं पडणं, सांगू नये.'

जुलैत निरुपमाबाई बाथरूममध्ये पडल्या होत्या. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टर म्हणाले होते, उभं राहिल्यावर प्रेशर का पडतं ते तपासायला हवं. कोपरावर जांभळा डाग होता, म्हणून गेले चार आठवडे त्या पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज घालत होत्या. बडोद्यात, ऑगस्टमध्ये.

"कळलं तर ती जाणार नाही," विश्रामराव म्हणाले. "एक गोष्ट झाकली की बेरीज वाढते. कोणाचं नुकसान?"

निरुपमाबाईंनी इथे 'चुकतंय' म्हणायला हवं होतं. बत्तीस वर्षं परीक्षेत हाच प्रश्न त्यांनी घातला होता. त्यांनी ताटल्या उचलल्या आणि "बघू" म्हणाल्या. आपल्या शास्त्राशी माणूस बेइमान होतो तो असा, ताटल्या उचलता उचलता.

बुधवारी धुवायच्या कपड्यांतून नीरजाची जीन्स काढताना त्यांनी सवयीनं खिसे चाचपले. मागच्या खिशात एक छोटी पावती निघाली, पासपोर्ट आकाराच्या दोन फोटोंसह. गरब्याच्या सीझन पासची. नऊ रात्री, ऑक्टोबर. तारीख सोमवारची.

निरुपमाबाई बादलीपाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी शांतपणे मांडणी केली. पंधरा सप्टेंबरला डेन्मार्कमध्ये असणारी मुलगी ऑक्टोबरचा पास काढत नाही. बडोद्याची मुलगी एक वेळ नोकरीबाबत खोटं बोलेल, पण गरब्याच्या पासाबाबत नाही. म्हणजे निर्णय झालेला आहे. आणि तरीही ही पोरगी रोज संध्याकाळी बापाच्या, तळ दुमडून ठेवलेल्या कागदावर गंभीरपणे शंका काढते, "बाबा, ही तीव्रता सहा कशी? सात हवी." पोरगी कोणावर गेली, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

गुरुवारी संध्याकाळी तिघं टेबलाशी बसले. विश्रामरावांनी कागदाची स्वच्छ प्रत काढली होती आणि तळाची ओळ अर्थातच गाळली होती.

"वाचते," निरुपमाबाई म्हणाल्या. "'निरुपमा: मुलगी गेल्याचं दुःख, तीव्रता तीन, काळ चार महिने.' अहो, हा आकडा कोणी दिला?"

"मी काढला. अंदाजानं."

"मला विचारलंत?"

"त्यात काय विचारायचं? चाळीस वर्षं बघतोय."

"रिफायनरीत एक पोरगा होता तुमच्या शिफ्टला. गेजपाशी न जाता, कंट्रोल रूममध्ये बसूनच तासातासाची रीडिंग भरायचा. त्याचं काय केलं होतं?"

विश्रामरावांनी चष्मा काढला. "तीन दिवस घरी बसवला होता."

"का? आकडे तर बरोबरच यायचे."

"बरोबर आले तरी ते रीडिंग नव्हतं," ते हळूच म्हणाले. मग कागदाकडे पाहिलं. नीरजाची ओळ, निरुपमाबाईंची ओळ, दोन्ही त्यांनीच खुर्चीत बसून भरल्या होत्या. सुखाची बेरीज करायची तर ते आधी ज्याचं त्याला विचारून मोजावं लागतं. त्यांच्याच शास्त्राची ही पहिली अट.

नीरजा खुदकन हसली. "बाबा, तीन दिवस घरी."

"तू हसू नकोस," निरुपमाबाई म्हणाल्या आणि पावती टेबलावर ठेवली. "फोटो छान आलाय."

नीरजानं पावतीकडे पाहिलं. मग आईच्या बाह्यांकडे. "तू आधी बाही वर कर."

खाली कमलाबेनच्या घरातला कुकर तीनदा वाजला. निरुपमाबाईंनी बाही वर केली. डाग आता पिवळट झाला होता.

"ऑगस्टमध्ये पूर्ण बाह्या," नीरजा म्हणाली. "मला दिसत नाही? डॉक्टरांची चिठ्ठीही वाचली मी. डाळीच्या डब्यात ठेवली होतीस."

"मग?"

"मग सोमवारी कळवून टाकलं, येत नाही. कारण लिहिलं, आईची तब्येत."

"खरं कारण?"

नीरजानं बराच वेळ बशीवर बोट फिरवलं. "अर्धं खरं. अर्धी भीती. तिकडे मला सगळं नव्यानं सिद्ध करावं लागेल, आई. इथे मला सगळे ओळखतात. तू पडलीस ते कळलं आणि... वाईट वाटलं. पण थोडं बरंही वाटलं."

तिचा आवाज इतका खाली गेला, की विश्रामरावांना पुढे झुकावं लागलं.

निरुपमाबाईंना आधी राग आला, मग हसू आलं, आणि दोन्ही गिळून त्या म्हणाल्या, "म्हणजे मला साधन केलंस. 'भीती वाटली की आईच्या आजाराचं नाव सांगावं.' कर हा सगळ्यांचा कायदा. उद्या कोणी खरोखर आईसाठी राहिलं, तर त्याच्यावर कोण विश्वास ठेवेल?"

"आणि तू? मला डाग दाखवला नाहीस. माझा निर्णय तूच घेतलास, मला न कळू देता."

"हो," निरुपमाबाई म्हणाल्या. "मीही तेच केलं. नापास."

विश्रामरावांना राहवलं नाही. "म्हणजे दोन्ही वाद बुडाले."

"वाद नाही बुडाले. आपण बुडालो. तुमचा वाद खऱ्या आकड्यांवर चालतो, माझा खऱ्या शब्दांवर. घरात दोन्हींचा दुष्काळ." त्यांनी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. "आता प्रत्येकानं आपलीच ओळ भरायची. दुसऱ्याच्या ओळीकडे बघायचं नाही."

भरायला तासभर लागला. निरुपमाबाईंनी आपल्या दुःखापुढे आठ लिहिलं, काळ: माहीत नाही. विश्रामरावांनी 'एकटा पडण्याची भीती' अशी नवी ओळच घातली आणि ती हातानं झाकून धरली. नीरजानं 'जायची इच्छा' पुढे नऊ लिहिलं. नऊ पाहून सगळ्यात जास्त आश्चर्य तिलाच वाटलं.

"माझा आठ आहे म्हणून तू थांबायचं नाहीस," निरुपमाबाई म्हणाल्या. "आणि तुझा नऊ आहे म्हणून मी बरी आहे असंही म्हणणार नाही. दोन्ही ठेवून ठरव. ठरवायचं तूच."

विश्रामरावांनी बेरजेसाठी पेन्सिल उचलली होती. बायकोची नजर बघून ती परत ठेवली.

नीरजानं त्याच टेबलावर डेन्मार्कला दुसरं पत्र लिहिलं. आधीच्या पत्रातलं कारण पूर्ण खरं नव्हतं. आईच्या तपासण्या व्हायच्या आहेत. जानेवारीत येता आलं तर यायला आवडेल, नाहीतर समजू शकते. पाठवण्याआधी तिनं ते दोनदा वाचलं आणि 'समजू शकते' च्या पुढे लिहिलं, 'पण वाईट वाटेल.'

उत्तर सोमवारी आलं. ती जागा दुसऱ्या कोणाला दिली होती. जानेवारीत एक पायरी खालची होती, हवी असेल तर. एक पायरी कुठे मांडायची, हे विश्रामरावांच्या कागदावर नव्हतं. नीरजानं रात्रभर विचार केला आणि सकाळी चहा पिता पिता 'हो' कळवलं.

तपासणीत कळलं, की रक्तदाबाच्या जुन्या गोळीचा डोस जास्त होत होता. डॉक्टरांनी तो कमी केला. विश्रामरावांच्या माथी काम आलं: रोज सकाळी बायकोचं प्रेशर आधी बसून आणि मग उभं राहून मोजायचं आणि दोन्ही आकडे मुलीला कळवायचे. कमलाबेनचंही मोजायचं. ती ओळ निरुपमाबाईंनी घातली होती.

नवरात्रात नीरजा नऊच्या नऊ रात्री नाचली. पाच जानेवारीला ती गेली.

सहा जानेवारीच्या सकाळी निरुपमाबाई पूजा आटोपून बाहेर आल्या. विश्रामराव खुर्चीत बसले होते, मोबाईल हातात, आणि मोठ्या खुशीत टाईप करत होते. प्रेशर मोजायचं यंत्र कपाटात होतं.

"काय लिहिताय?"

"एकशे चोवीस, ऐंशी. कालचंच आहे. पोरीला पहिल्या दिवशी काळजी नको म्हणून..."

"तीन दिवस घरी बसायचंय?"

त्यांनी मोबाईल खाली ठेवला, गुडघे धरून उठले आणि यंत्र आणायला कपाटाकडे गेले. निरुपमाबाई खुर्चीत बसल्या, बाही वर केली आणि हात पुढे धरला.