दोन बोटं साल

"आबा, तांब्याभर घालू का? पानांनी मान टाकलीय बघा."

राजेश्री भरलेला तांब्या घेऊन लिंबाच्या रोपाशी उभी होती. सटवाजींनी नातीच्या हातातला तांब्या काढून ओट्यावर ठेवला.

"आधी मातीत बोटं घाल."

तिने बोटं खुपसली. काळी माती गार होती, चिकटली.

"ओलीच हाय की."

"मग तहान कशी लागंल त्याला?"

राजेश्रीने बोटं झटकली. तिच्या कमरेएवढं ते रोप संक्रांतीपासून रुसल्यासारखं होतं. पानांच्या मधल्या शिरा पिवळ्या पडल्या होत्या. दुपारी पानं लोंबत. ती लोंबली की सून पाणी घाली, राजेश्री घाली, आणि पाणी घातलं की दुसऱ्या दिवशी ती आणखी लोंबत.

"तापानं फणफणलेल्या माणसापुढं ताट वाढलं, तर जेवंल का त्यो?" सटवाजी म्हणाले. "मूळ सडलं की तसंच. पाणी म्होरं असतंय, पण पिता येत न्हाई. बघणाऱ्याला वाटतंय, तहानलंय."

घरातून सटवाजींचा मुलगा आदिनाथ बाहेर आला. मोटारसायकलची तापलेली सीट त्याने हाताने चाचपली. "बापू, पाडव्याला हितं गाडीच्या शेडचे खांब रोवायचेत. ह्या काडीपायी किती दिस थांबू? जिंतूरला नर्सरीत पाहिजे तितकी रोपं मिळतेत."

"मिळतेत. ही न्हाई मिळत."

 कारण आदिनाथलाही ठाऊक होतं. येलदरीकडे त्याच्या आईच्या, बायनाबाईंच्या, माहेरी परसात एक लिंबाचं झाड होतं. भावाने घर वाढवताना ते काढलं. त्या झाडाचं शेवटचं लिंबू बायनाबाईंनी पदराला बांधून आणलं आणि बिया चुलीमागच्या डब्यात रुजवल्या. एकाच बीतून दोन कोंब आले. बारका होता तो मेला, दांडगा होता तो हा. पुढे बायनाबाईंची नजर अधू होत गेली. आता त्यांना झाड दिसत नव्हतं. सकाळी पान चुरगळून त्या बोटं नाकाशी नेत आणि म्हणत, "आमच्या परसात आल्यावानी वाटतंय."

सटवाजी खुरपं घेऊन बसले. बुडाभोवतीची माती त्यांनी हलक्या हाताने मागे ओढली. वाऱ्याने रोप हलू नये म्हणून दर पंधरवड्याला त्यांनीच ती चढवली होती. वीतभर खोल गेल्यावर आंबूस वास आला. मग खोड दिसलं. साल तपकिरी, मऊ, आणि तिच्यावर डिंकाचे मधाळ थेंब.

"झाड रडायलंय का आबा?"

"बुड कुजायलंय. ह्याला डिंक्या म्हणतेत. साल सदा भिजलेली राहिली की होतंय."

"पण इतकं पाणी रोज कोण घालतंय?"

सटवाजींचं खुरपं थांबलं. खोडाला टेकून एक झेंडूची पाकळी चिकटली होती. थोडं गंध, दोन अक्षता. देवांना घातलेल्या आंघोळीचं पाणी पायदळी जाऊ नये, म्हणून बायनाबाई रोज ते लिंबाला घालत. नजर गेल्यापासून एका हाताने खोड चाचपत आणि त्याच्यावरच सगळा गडवा रिकामा करत.

राजेश्रीने पाकळी पाहिली. "आजी..." ती म्हणायला लागली.

"हळू बोल," सटवाजी म्हणाले. "चाकू आण. धुऊन आण."

धारदार चाकूने त्यांनी कुजलेली साल खरवडली. तपकिरी संपून हिरवी कड लागेपर्यंत खरवडत गेले. एक बाजू गेली, दुसरी गेली, तिसरीही गेली. उगवतीच्या अंगाला मात्र चाकूखाली हिरवा ओलावा दिसला. दोन बोटांएवढी पट्टी. ते तिथे थांबले.

"पानं सैपाक करतेत. त्यो सालीतून खाली मुळांकडं जातो. साल समद्या बाजूनं गेली की मुळं उपाशी मरतेत. एवढीच वाट उरलीय बघ."

मग त्यांनी प्लास्टिकच्या एका डब्यात मोरचूद भिजवलं, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचा कळीचा चुना विझवला.

"लोखंडाच्या बादलीत का न्हाई?"

"बादली खातंय ते. आणि तू हात लावू नको, इख हाय."

दोन्ही पाणी एकत्र ओतलं आणि डब्यात मोरपिसासारखा निळा रंग फुलला. सटवाजींनी विळ्याचं पातं त्यात क्षणभर बुडवून वर काढलं. पात्यावर तांबूस झाक आली होती.

"गंज चढला!" राजेश्री ओरडली.

"गंज न्हाई, तांबं हाय. चुना कमी पडलाय. असंच लावलं तर उरलेली सालबी जाळंल." त्यांनी चुन्याचं पाणी आणखी ओतलं, ढवळलं, पातं घासून पुन्हा बुडवलं. या वेळी त्यावर तांबूस झाक आली नाही. मग जुन्या कुंच्याने त्यांनी तो लेप जखमेवर आणि वर खोडभर दिला. उरलेल्या मुळांना एवढा पाला पोसवणार नव्हता, म्हणून अर्धा शेंडाही छाटला. बुडाशी माती न ओढता हातभर अंतरावर गोल आळं केलं आणि साचलेलं पाणी निघून जावं म्हणून उताराकडे चर काढला.

आता अंगणात चार पानं उरलेली एक निळी काठी उभी राहिली. वाटेने जाणारा शेजारी भुजंग थबकला. "बापू, काठी पेरली का काय? मला छत्रीची दांडी पाहिजे, तीबी लावा शेजारी!"

"लावतो. छत्र्या आल्या की पहिली तुला," सटवाजी म्हणाले.

आता प्रश्न होता सकाळच्या गडव्याचा. सटवाजींनी फुटक्या जात्याची तळी आळ्याच्या काठाला बसवली. सकाळी बायनाबाई आल्या तेव्हा त्यांचा हात धरून तळीवर टेकवला.

"आता हितं घालायचं."

"झाड तर तिकडं हाय."

"पिणारी बारीक मुळं लांब असतेत. तोंडाशी घालावं पाणी."

बायनाबाईंनी तळी पुन्हा चाचपली. "म्हंजी इतके दिस मी त्याचा गळा भिजवीत व्हते."

"गळ्यापर्यंत माती मी चढवली व्हती," सटवाजी म्हणाले. "एकट्या पाण्यानं न्हाई झालं."

त्या गडवा तळीजवळ रिकामा करून घरात गेल्या. त्या दिवशी जेवल्याही कमी.

उरलेली पानंही गळून गेली. सटवाजी अधूनमधून नखाने फांदीचा टवका काढत, आत हिरवं दिसलं की उठत. मातीत बोट घालत. वरचा थर सुकल्याशिवाय आळ्यात जादा पाणी पडू देत नसत. पाडवा जवळ आला. आदिनाथने बांबू आणून भिंतीला लावले, खड्ड्यांच्या खुणा केल्या. एक खूण निळ्या काठीच्या बुडाशी आली.

पाडव्याच्या आदल्या सकाळी राजेश्री पळत आली. "आबा! फुटलंय!"

उगवतीच्या बाजूला, त्या दोन बोटं सालीच्या बरोबर वर, तांबूस कोवळे तीन कोंब आले होते. बाकीची फांदी वाळकीच होती, ती तशीच राहणार होती. आदिनाथ वाकून बघत राहिला. मग त्याने खुणेवर पाय फिरवून ती पुसली.

"गाडी भिंतीलगत लावतो," तो म्हणाला. "तेवढी जागा हाय."

बायनाबाई पूजा आटोपून गडवा घेऊन आल्या. तळी चाचपून त्यांनी पाणी तिथे घातलं, शेवटच्या थेंबापर्यंत.

"आजी, पान तोडून देऊ का वासाला?"

"नको गं. कालचं लेकरू हाय ते."

त्यांनी ओला हात पदराला पुसला. तळवा पुसला, बोटांच्या बेचक्या पुसल्या, पुन्हा एकदा पुसला. हात पुरता कोरडा झाल्यावर त्यांनी तो खोडाकडे नेला.