जिवंत खडी

भिंतीला तडे गेले आणि सगळ्यांनी माझ्या बाबांकडे बोट दाखवलं. बाबा मुकादम होते, पंपघरामागची ती आधारभिंत त्यांच्याच हाताखाली उभी राहिली होती. आता आठव्या वर्षी तिच्यावर असे तडे, की कुणीतरी नकाशाच काढून ठेवलाय. साहेबांनी एका दमात निकाल लावला: "क्युरिंग नीट झालं नाही. मुकादमानं पाणी मारलं नसणार."

मी चिडले. चिडणारच! काँक्रीटच्या प्रयोगशाळेत सतरा वर्षं घालवलीत मी, आणि बाबांसारखं पाणी मारणारा माणूस अजून पाहिला नाही. पण खरं सांगायचं तर मलाही काही कळत नव्हतं. भिंतीतून दंडगोल कापून आणला, दाबून पाहिला, तर ताकद हवी तेवढी, वर थोडी जास्तच. ताकद आहे, मग तडे कसले? क्युरिंग चुकलं असतं तर ते तडे पहिल्याच वर्षी दिसायला हवे होते. काही केल्या मेळ बसेना.

त्यातच शेजारी दुसरी भिंत घ्यायची होती. गुरुवारी खडी ठरणार, आणि ठरवायला साहेबांनी बाबांनाच बोलावलं होतं. खडीची पारख त्यांच्याइतकी कुणाला नाही, हे साहेबांनाही मान्य. पहिल्या भिंतीची खडी जिथून आली होती, त्या जुन्याच खाणीचं नाव बाबांनी घेतलं. "ती खडी जिवंत आहे. हातोडी मारली की खणखणते," ते म्हणाले. खाणीवर सगळेच असं बोलतात. खणखणला तो जिवंत, बद्द वाजला तो मुका.

मी दगडतपासनिसाकडे त्या खाणीचा आणि जवळच्या दुसऱ्या एका खाणीचा नमुना आधीच पाठवला होता. बुधवारी दुपारी त्याचा फोन आला. आवाज तुटत होता. "अगं, तुझ्या त्या खाणीची खडी जिवंत आहे! भलतीच जिवंत!" एवढंच कानावर पडलं.

मला हायसं वाटलं. तडक घरी फोन लावला. "बाबा, तुमचीच खडी बरोबर! तपासनीसही तेच म्हणतोय." बाबा हसले. किती दिवसांनी हसले! त्यांनी लगेच साहेबांना कळवलंसुद्धा.

संध्याकाळी लेखी अहवाल आला आणि मी तो दोनदा वाचला. खडीत सहज विरघळणारी सिलिका आहे, सिमेंटमधल्या अल्कलीशी तिची प्रक्रिया होते, जेल तयार होतं, ते पाणी शोषून फुगतं आणि काँक्रीट आतून फोडतं. चौदा दिवसांच्या चाचणीत ती खडी घालून केलेली सिमेंटची कांडी लांबीला ०.२८ टक्के वाढली होती. ०.१०च्या आत असती तर चाललं असतं. म्हणजे तो 'जिवंत' म्हणाला, ते या अर्थानं! मी दंडगोल पुन्हा भिंगाखाली धरला. खड्यांभोवती काळसर कडा आणि तड्यात वाळलेला पांढरा चिकटा, तेच ते जेल. आधीही दिसला होता, पण मी त्याला चुना समजले होते. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

दुसऱ्या खाणीच्या चुनखडीचा आकडा होता ०.०४. बाबा तिला मुकी म्हणायचे.

गुरुवारी सकाळी मी थेट कामावर गेले. बाबा माझ्या आधीच पोचले होते, जुन्या भिंतीसमोर उभे, हातात पाइप. तडे दिसल्यापासून म्हणे रोज सकाळी येऊन भिंतीला पाणी घालत होते. घरी कुणाला पत्ता नाही. नळाजवळचा भाग चांगला भिजलेला, आणि तडे सगळ्यात रुंद तिथेच.

"बाबा, हे काय करताय?"

"पाणी कमी पडलं म्हणतात ना? मग घालतो. पुन्हा कुणी बोलायला नको."

मी सांगितलं. गडबडीत उलटंसुलटं सांगितलं: जिवंत म्हणजे काय, चूक माझी, पाणी तुम्ही तेव्हा व्यवस्थितच मारलं होतं, फुगायला भिंतीमागच्या मातीतला ओलावाही तिला मिळतच होता. ते ऐकत राहिले. पाइप सुरूच होता, बुटांभोवती चिखल होत होता.

"म्हणजे दगड खोटा होता?"

"दगड टणकच होता, बाबा. पण सिमेंटशी त्याचं जमलं नाही."

"आणि पाण्यानं...?"

मी नळाजवळच्या रुंद तड्यांकडे पाहिलं. त्यांनी एका तड्यावरून बोट फिरवलं, बोटाला ओला चिकटा लागला, तो शर्टाला पुसला.

साहेब आले. बाबांनी त्यांना स्पष्ट सांगितलं, "जुनी खाण रद्द करा. मुकी खडी घ्या." साहेब बघतच राहिले. "अहो, कालच तर तुम्ही..."

"काल चुकलो. ही आधीची भिंतही माझ्या खडीनंच फुटली." कारण सांगायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी मला हातानं थांबवलं.

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बाई, नळ बंद कर. माझा हात जात नाही तिकडं."